सँडविच सुडोकू : बेरजेच्या जोड्यांआधी १ आणि ९ च्या जागा

प्रश्न : साधे सुडोकू मला बऱ्यापैकी जमते. सँडविच सुडोकूत मात्र बाहेर ३५, २९, १७ असे आकडे दिसले की मी प्रत्येक बेरजेच्या शक्य जोड्या वहीत लिहून काढतो. पान भरते, पण जाळ्यात एकही अंक बसत नाही. १ आणि ९ यांच्या मधल्या अंकांच्या बेरजेवरून घरांवर नेमकी मर्यादा कशी आणायची आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर :

वही तूर्त बाजूला ठेवा. बेरीज कोणत्या अंकांनी होते हा या कोड्यातला दुसरा प्रश्न आहे. ती किती अंकांनी होते हा पहिला. अंकांची संख्या कळली की १ आणि ९ यांच्यातले अंतर कळते, अंतर कळले की त्यांच्या जागा आवळत जातात, आणि जागा पुरेशा आवळल्या की ज्या जोड्यांनी आपले पान भरते त्यांतल्या बहुतेक लिहाव्याच लागत नाहीत. २०१९ मध्ये ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या ब्रिटिश यूट्यूब वाहिनीमुळे हा प्रकार जगभर पसरला, तेव्हा मीही पहिले काही महिने आपल्यासारखाच जोड्या लिहीत बसत असे. त्यामुळे हे उत्तर थोडे स्वानुभवाचे आहे.

पुढच्या लिखाणात १ आणि ९ या दोघांना मिळून मी ‘पाव’ म्हणेन आणि त्यांच्या मधल्या अंकांना ‘सारण’. बाहेरचा आकडा म्हणजे त्या ओळीतल्या किंवा स्तंभातल्या सारणाची बेरीज. घराचा पत्ता आधी ओळ, मग स्तंभ असा देईन. म्हणजे २-३ हे दुसऱ्या ओळीतले तिसरे घर. मोजणी वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. ३×३ च्या भागाला चौकोन म्हणू आणि शेजारशेजारच्या तीन चौकोनांच्या आडव्या रांगेला पट्टा.

सारणात येऊ शकणारे अंक २ ते ८ असे सातच आहेत आणि एका ओळीत त्यातला कोणताही अंक दोनदा येत नाही. म्हणून एका अंकाचे सारण कमीत कमी २ चे, दोन अंकांचे ५ चे, तीन अंकांचे ९ चे, चारांचे १४ चे, पाचांचे २० चे, सहांचे २७ चे आणि सातही अंकांचे ३५ चे असते. जास्तीत जास्त किती, तर याच क्रमाने ८, १५, २१, २६, ३०, ३३ आणि पुन्हा ३५. या दोन माळा वेगवेगळ्या पाठ करण्याची गरज नाही. सातही अंकांची बेरीज ३५ असल्यामुळे जे सारणात नाही ते पावाबाहेर असते, आणि आत व बाहेर मिळून नेहमी ३५ भरतात. दोन अंकांचे सर्वांत लहान सारण ५ चे आहे, म्हणजे उरलेल्या पाच अंकांचे सर्वांत मोठे सारण ३० चे असणारच. एक माळ लक्षात ठेवली की दुसरी ३५ मधून वजा करून मिळते.

आता बाहेरचा कोणताही आकडा घेऊन तो या माळांत कुठे पडतो ते पाहावे. ३१, ३२ आणि ३३ पाच अंकांच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून तिथे सारण सहाच अंकांचे असते. २७ ते ३० पाच किंवा सहा अंकांनी होतात. २२ ते २६ चार किंवा पाच अंकांनी. खालच्या टोकाला २, ३ आणि ४ म्हणजे एकच अंक, आणि तो अंक म्हणजे तोच आकडा. ५ ते ८ एका किंवा दोन अंकांनी होतात. मधला प्रदेश ढिला आहे : १७ तीन अंकांनीही होतात आणि चारांनीही, तर १४, १५, २० आणि २१ या चार आकड्यांना तर तीन-तीन पर्याय आहेत. १ आणि ३४ हे आकडे बाहेर कधीच येऊ शकत नाहीत, कारण १ ही बेरीज २ ते ८ मधून होत नाही आणि ३४ साठी पावाबाहेर १ उरावा लागेल. कोडे हाताने उतरवून घेताना ३४ दिसले, तर आपण चुकीचे उतरवले आहे असे खुशाल समजावे.

अंकांची संख्या कळल्यावर जागांचा विचार येतो. सहा अंकांच्या सारणाला दोन पावांसह आठ घरे लागतात. नऊ घरांच्या ओळीत आठ घरांचा तुकडा दोनच प्रकारे बसतो : पाव पहिल्या आणि आठव्या घरात, किंवा दुसऱ्या आणि नवव्या घरात. म्हणजे ३१ ते ३३ मधला आकडा दिसताच तिसऱ्या ते सातव्या घरापर्यंत १ किंवा ९ येऊच शकत नाही असे तिथल्या तिथे लिहून टाकता येते. पाच अंकांचे सारण सात घरांचे असते. त्याचा डावा पाव पहिल्या तीन घरांत आणि उजवा शेवटच्या तीन घरांत पडतो, मधली तीन घरे पावमुक्त राहतात. चार अंकांच्या सारणात मात्र नेमके मधले, पाचवे घर तेवढे पावमुक्त असते. म्हणून २२ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की पाचव्या घरावर फुली, आणि २७ किंवा त्याहून मोठा दिसला की चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या घरांवर फुली, हे मी हिशेब न करता करतो. कागदावर मी पाव असू शकणाऱ्या घरात कोपऱ्यात बारीक टिंब देतो आणि नसणाऱ्या घरात बारीक फुली. अंकांच्या उमेदवारांपेक्षा सुरुवातीला ही टिंबे-फुल्याच जास्त कामाला येतात.

लहान आकडे अशा फुल्या देत नाहीत. बाहेर ० असेल तर १ आणि ९ शेजारीशेजारी आहेत, एवढेच कळते; ते ओळीत कुठेही असू शकतात. मोठी बेरीज पाव कुठे आहेत ते सांगते, लहान बेरीज ते एकमेकांपासून किती लांब आहेत ते सांगते. म्हणून मी सुरुवात मोठ्या आकड्यांपासून करतो आणि एक पाव हाती लागला की त्या ओळीतल्या किंवा स्तंभातल्या लहान आकड्याकडे वळतो, कारण एक टोक पक्के झाल्यावर लहान बेरीज दुसरे टोक जवळजवळ हातात आणून देते.

इथे चौकोनांची मदत येते, आणि माझ्या मते या कोड्याची खरी गंमत तिथेच आहे. २७ किंवा त्याहून मोठी बेरीज असलेल्या ओळीचा एक पाव डाव्या चौकोनात आणि दुसरा उजव्या चौकोनात असतो, हे वर आले. आता एकाच पट्ट्यात अशा दोन ओळी असतील तर डाव्या चौकोनातले १ आणि ९ दोन्ही खर्ची पडले, उजव्या चौकोनातलेही पडले. पट्ट्यातल्या तिसऱ्या ओळीला मधल्या चौकोनाखेरीज जागाच उरत नाही, म्हणून तिचे दोन्ही पाव चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या घरांपैकी दोन घरांत असतात. त्यांच्यामध्ये जास्तीत जास्त एक घर मावते. तेव्हा त्या तिसऱ्या ओळीची बेरीज ० तरी असेल किंवा २ ते ८ पैकी एक, आणि ती ० नसेल तर पाचव्या घरात तोच आकडा सरळ लिहिता येतो. उभ्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

हे एका कोड्याच्या काही आकड्यांवर करून पाहू. ओळींच्या बाहेरचे आकडे असे घेऊ : पहिल्या ओळीला ३५, दुसरीला २९, तिसरीला ७ आणि सहावीला ३२. स्तंभांपैकी पहिल्याला १७, तिसऱ्याला ३२ आणि सहाव्याला ५. जाळ्यात एकही अंक दिलेला नाही असे धरून चालू.

पहिल्या ओळीत सातही अंक सारणात आहेत, म्हणून पाव दोन टोकांना : १-१ आणि १-९. यातला १ कोणता आणि ९ कोणता हे ठाऊक नाही. म्हणून १-१ मधल्या अंकाला क म्हणू आणि १-९ मधल्याला ख. क जर १ असेल तर ख ९, आणि उलट. हे नाव देणे मला अतिशय सोयीचे वाटते; त्याने ‘१ किंवा ९’ असे प्रत्येक घरात लिहून गोंधळ वाढवण्याऐवजी कोणता पाव कुणाचा जोडीदार आहे हे दिसत राहते.

दुसऱ्या ओळीचे २९ पाच किंवा सहा अंकांनी होतात. पाच अंकांनी झाले तर पावाबाहेर दोन अंक, त्यांची बेरीज ६, म्हणजे २ आणि ४. सहा अंकांनी झाले तर पावाबाहेर एकच अंक, तो ६. दोन्ही स्थितींत एक पाव डाव्या चौकोनात आहे आणि एक उजव्यात. डाव्या चौकोनात क आधीच १-१ मध्ये बसला आहे, म्हणून दुसऱ्या ओळीचा डावा पाव ख आणि उजवा क.

पहिली ओळ ३५ ची, दुसरी २९ ची, दोन्ही २७ च्या वर. तेव्हा तिसऱ्या ओळीचे पाव मधल्या चौकोनात गेले. तिची बेरीज ७ आहे. एरवी ७ म्हणजे एकटा ७, किंवा २ आणि ५, किंवा ३ आणि ४ असे तीन पर्याय लिहावे लागले असते. इथे मध्ये एकच घर मावते, म्हणून ३-५ मध्ये ७ आणि ३-४ व ३-६ मध्ये पाव. जाळ्यातला पहिला अंक बसला, आणि आपण अजून एकही जोडी लिहिलेली नाही.

आता तिसरा स्तंभ. ३२ म्हणजे सहाच अंक, म्हणून पाव पहिल्या आणि आठव्या ओळीत किंवा दुसऱ्या आणि नवव्या ओळीत. पहिल्या ओळीचे पाव टोकांना आहेत, तेव्हा १-३ मध्ये पाव नाही. मग ते २-३ आणि ९-३ मध्येच असणार. २-३ हे डाव्या चौकोनात आहे म्हणून तिथे ख, आणि खाली ९-३ मध्ये क. शिवाय या स्तंभात पावाबाहेर राहिलेले एकमेव घर १-३. त्यातला अंक ३५ वजा ३२, म्हणजे ३.

२-३ मध्ये ख बसल्याने दुसऱ्या ओळीचाही प्रश्न सुटला. तिथे पाव तिसऱ्या घरापासून सुरू होतो, म्हणून सहा अंकांचे सारण मावतच नाही. सारण पाच अंकांचे, उजवा पाव क नवव्या घरात, आणि २-१ व २-२ मध्ये २ आणि ४, कोणत्या क्रमाने ते अजून ठरलेले नाही. वरच्या डाव्या चौकोनात आता क, ख, ३, २ आणि ४ यांच्या जागा ठरल्या. उरले ५, ६, ७, ८ आणि उरलेली घरे १-२, ३-१, ३-२, ३-३. तिसऱ्या ओळीत ७ पाचव्या घरात बसला आहे, म्हणून या चौकोनातला ७ तिसऱ्या ओळीत येऊ शकत नाही. तो १-२ मध्येच जातो. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या तीन घरांत ५, ६ आणि ८ उरले आणि त्यामुळे त्याच ओळीच्या शेवटच्या तीन घरांत २, ३ आणि ४. वरचा पट्टा या क्षणी असा दिसतो, इथे टिंब म्हणजे रिकामे घर आणि प म्हणजे पाव, क किंवा ख :

```
क ७ ३ | · · · | · · ख
· · ख | · · · | · · क
· · · | प ७ प | · · ·
```

इथपर्यंत चारच बाहेरचे आकडे वापरले : ३५, २९, ७ आणि तिसऱ्या स्तंभाचा ३२.

सहाव्या ओळीचेही ३२ आहेत. पाव पहिल्या आणि आठव्या घरात किंवा दुसऱ्या आणि नवव्या घरात. पण नवव्या स्तंभात वरची दोन घरे ख आणि क यांनी भरली आहेत, त्या स्तंभाचा पावांचा कोटा संपला. म्हणून ६-९ मध्ये पाव नाही; पाव ६-१ आणि ६-८ मध्ये. पावाबाहेर राहिलेल्या ६-९ मध्ये ३. पहिल्या स्तंभात क वर आहेच, म्हणून ६-१ मध्ये ख आणि ६-८ मध्ये क.

सहाव्या स्तंभाचा ५ आता बोलू लागतो. ३-६ मध्ये पाव आहे हे माहीत आहे. त्याच्या वरच्या दोन घरांत पाव नाही, कारण पहिल्या आणि दुसऱ्या ओळीचे पाव इतरत्र पक्के झाले. तेव्हा जोडीदार खाली आहे : ५ एका अंकाने झाले तर ५-६ मध्ये, २ आणि ३ मिळून झाले तर ६-६ मध्ये. सहाव्या ओळीचे पाव पहिल्या आणि आठव्या घरात असल्यामुळे ६-६ बाद. म्हणून ५-६ मध्ये पाव आणि ४-६ मध्ये ५. लहान बेरीज एकटी असताना काही सांगत नव्हती. एक टोक पक्के झाल्यावर तिने अंकच दिला.

जोड्या लिहिण्याची वेळ माझ्या मते आता येते, आणि तीसुद्धा एखाद्याच ठिकाणी. पहिल्या स्तंभाची बेरीज १७ आहे. कोडे हाती घेतल्याबरोबर १७ चे गट लिहिले असते तर तीन अंकांचे चार गट निघाले असते, २-७-८, ३-६-८, ४-५-८ आणि ४-६-७. आणि चार अंकांचे तीन, २-३-४-८, २-३-५-७ आणि २-४-५-६. एकूण सात. पण आता पाव १-१ आणि ६-१ मध्ये आहेत हे कळले आहे, मध्ये चार घरे आहेत, म्हणून पहिले चारही गट गळून पडले. राहिलेल्या तीनही गटांत २ आहे. म्हणजे या स्तंभातला २ दुसऱ्या ते पाचव्या ओळीतच आहे आणि ७-१, ८-१, ९-१ मधून तो काढून टाकता येतो. शिवाय २-१ मध्ये २ किंवा ४ आणि ३-१ मध्ये ५, ६ किंवा ८ एवढेच शक्य आहे. त्यामुळे २-३-५-७ हा गट खरा असेल तर २-१ मध्ये २, ३-१ मध्ये ५ आणि खालच्या दोन घरांत ३ व ७ हे सगळे एकदम ठरते. २-३-४-८ खरा असेल तर ३-१ मध्ये ८. गट हे असे, घरांच्या उमेदवारांशी ताडून पाहायचे असतात. नुसती यादी कुणालाच काही सांगत नाही.

या सबंध साखळीत एक प्रश्न जाणूनबुजून उघडा राहिला आहे : क म्हणजे १ की ९? बाहेरचे आकडे कितीही असले तरी त्यांच्यावरून हे कधीच ठरणार नाही. सुटलेल्या जाळ्यातले सगळे १ आणि सगळे ९ एकमेकांच्या जागी ठेवले तर सुडोकूचा कोणताही नियम मोडत नाही आणि एकाही सारणाची बेरीज बदलत नाही. म्हणून एकच उत्तर असलेल्या सँडविच सुडोकूत, त्याला आणखी काही वेगळा नियम जोडलेला नसेल तर, निदान एक १ किंवा ९ आधीच दिलेला असावा लागतो. बाकी सर्व आकडे बाहेर असूनही जाळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात एकटाच १ बसलेला दिसतो तो याचसाठी. आपल्या उदाहरणात ९-३ मध्ये १ दिलेला असता तर क म्हणजे १ ठरून १-१, २-९ आणि ६-८ मध्ये १, तर १-९, २-३ आणि ६-१ मध्ये ९ एकाच फटक्यात लिहिता आले असते. ३-४ आणि ३-६ मधले दोघे मात्र तरीही उघडे राहिले असते, कारण त्यांच्यातला क कोणता हे आपण वापरलेल्या आकड्यांनी ठरवलेले नाही. तिथे उरलेल्या ओळी-स्तंभांकडे जावे लागते. तेव्हा दिलेला १ किंवा ९ वापरायची घाई करू नये. आधी क-ख करत शक्य तितकी साखळी बांधावी, मग तो दिलेला अंक साखळीच्या कोणत्या कडीला लागतो ते पाहावे.

चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण या कोड्यात चूक उशिरा उघडकीस येते. सर्वांत सामान्य चूक म्हणजे बाहेर आकडा नसणे आणि बाहेर ० असणे यांची गल्लत. ० म्हणजे १ आणि ९ लगत आहेत. आकडा नाही म्हणजे त्या ओळीबद्दल काहीच सांगितलेले नाही. एकदा रेल्वेच्या प्रवासात मी एक कोडे वहीच्या पानावर उतरवून घेतले होते आणि एका रिकाम्या जागेला नकळत शून्य समजून चाललो. दौंड सोडल्यावर सुरू केलेले कोडे सोलापूर येईपर्यंत तीन वेळा खोडले आणि चौथ्यांदा मूळ छापील पान पाहिले तेव्हा कुठे चूक सापडली. तेव्हापासून उतरवताना ज्या ओळीला आकडा नाही तिथे मी आडवी रेघ मारतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. एखाद्या ओळीत १ मिळाला की माणूस ९ उजवीकडेच शोधतो, कारण मोजताना १ आधी आणि ९ नंतर अशी सवय असते. कोड्यात तसे बंधन नाही. आपल्या सहाव्या स्तंभात मी ३-६ च्या वरची दोन घरे बाद का होतात हे मुद्दाम सांगितले ते यासाठीच; ते कारण न देता सरळ खाली गेलो असतो तर उत्तर योगायोगाने बरोबर आले असते, आणि पुढच्या कोड्यात त्याच सवयीने दगा दिला असता.

तिसरी चूक फुल्यांच्या बाबतीत होते. २७ ते ३० च्या आकड्याला सहा अंकांचेच सारण धरून तिसऱ्या आणि सातव्या घरावर फुली मारली जाते. पाच अंकांनी ३० पर्यंत पोचता येते, ४-५-६-७-८ मिळून ३०, हे विसरले की असे होते. आपल्या दुसऱ्या ओळीत नेमके हेच घडले असते : २९ ला सहा अंकांचे समजून २-३ वर फुली मारली असती तर तिसऱ्या स्तंभाच्या ३२ ला एकही जागा उरली नसती.

असा अडथळा आला, म्हणजे एखाद्या सहा अंकांच्या सारणाला दोन्ही जागा बंद दिसल्या किंवा एका चौकोनात तीन पाव हवे झाले, की सगळे खोडण्याऐवजी मी आधी प्रत्येक ओळीतल्या पावाबाहेरच्या अंकांची बेरीज करतो. मोठ्या बेरजेच्या ओळीत पावाबाहेरचे अंक थोडे असतात, म्हणून तिथे ती बेरीज पटकन होते, आणि ती बाहेरच्या आकड्यात मिळवून ३५ भरले नाहीत तर बिघाड त्याच ओळीत आहे. ज्या ओळींत बेरीज मध्यम आहे, म्हणजे साधारण १३ ते २१, तिथे आत-बाहेर दोन्हीकडे तीन-चार अंक असल्याने हा ताळा तितका जलद नसतो; तिथे आधी अंतर मोजावे. १७ च्या सारणात दोन किंवा पाच घरे दिसली तर बेरीज करण्याचीही गरज नाही, कारण दोन अंक १५ च्या पुढे जात नाहीत आणि पाच अंक २० च्या खाली येत नाहीत.